व्हीवॅपची रेघ: दिवसाचा वाजवी भाव नेमका कुठला, आणि ट्रेड त्यावर कसा बेतायचा?

रेघोटी | सोमवार, रात्री ९:१०

एनएसईच्या कॅश सेगमेंटमधल्या मोठ्या शेअरांबद्दल विचारते आहे. पद्धत साधी आहे: ५ मिनिटांचा चार्ट, त्यावर व्हीवॅप म्हणजे त्या दिवशीच्या सौद्यांच्या व्हॉल्यूमने वजन दिलेल्या सरासरी भावाची रेघ, भाव रेघेच्या वर असताना खाली येऊन रेघेला टेकला की खरेदी, आणि स्टॉपलॉस रेघेच्या जरा खाली. अडचणी दोन आहेत.

पहिली म्हणजे रेघ एक नाही. १ मिनिटाच्या चार्टवर ती एका जागी दिसते, ५ मिनिटांच्या चार्टवर दुसऱ्या जागी, आणि मार्केट डेप्थच्या खिडकीत जो सरासरी भाव दिसतो तो या दोघांशीही जुळत नाही. कधी फरक १०-२० पैशांचा असतो, कधी दीड-दोन रुपयांचा. मग "टेकला" म्हणायचं ते कुठल्या रेघेला?

दुसरी अडचण अशी की स्टॉप उडतो, भाव रेघेखाली थोडा जातो, आणि पुन्हा वर निघून जातो. काही दिवशी हे तीन-चार वेळा होतं. त्या दिवशी रेघेवर खरेदी करूच नये हे आधी कसं ओळखायचं?

---

तेजीवाला | ९:३२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. म्युच्युअल फंड आणि एफआयआय यांना दिवसाच्या व्हीवॅपला माल घ्यायचा असतो, त्यामुळे त्यांच्या ऑर्डरी रेघेवर लावलेल्या असतात. भाव तिथे आला की त्या भरल्या जातात आणि भाव उसळतो. तुमचा स्टॉप फार जवळ आहे, एवढंच. रेघेखाली अर्धा टक्का ठेवा. रेघ कुठली घ्यायची यात फार अडकू नका, १०-२० पैशांनी काही बिघडत नाही.

---

भावतोल | १०:०५

तेजीवाला, अर्ध्या टक्क्यावर नंतर बोलू. आधी तीन रेघांचं बघू, कारण तो फरक नेहमी १०-२० पैशांचा नसतो आणि त्याचं कारण कळलं की काय वापरायचं ते आपोआप ठरतं.

चार्टला प्रत्येक सौदा दिसत नाही. त्याला दिसते ती कॅण्डल. म्हणून तो कॅण्डलचा हाय, लो आणि क्लोज यांची सरासरी काढतो आणि त्या कॅण्डलमधले सगळे शेअर त्याच एका भावाला फिरले असं धरून चालतो. सेटिंगमध्ये `HLC3` लिहिलेलं असतं ते हेच. डेप्थमधला सरासरी भाव मात्र एक्स्चेंजच्या फीडमधून येतो. तो झालेल्या सौद्यांची एकूण रक्कम भागिले एकूण शेअर असा असतो. खरा व्हीवॅप तोच, चार्टवरची रेघ हा त्याचा अंदाज.

अंदाज कुठे चुकतो ते आकड्यांत बघा. एका ८०० रुपयांच्या आसपासच्या शेअरच्या पहिल्या तीन कॅण्डल अशा धरू (आकडे हिशोबाला सोपे घेतले आहेत):

९:१५ ची कॅण्डल: हाय ८१२, लो ८००, क्लोज ८०६. सरासरी ८०६, व्हॉल्यूम २ लाख.
९:२० ची कॅण्डल: हाय ८११, लो ८०५, क्लोज ८०८. सरासरी ८०८, व्हॉल्यूम १ लाख.
९:२५ ची कॅण्डल: हाय ८१४, लो ८०८, क्लोज ८१४. सरासरी ८१२, व्हॉल्यूम १ लाख.

पहिल्या कॅण्डलनंतर रेघ ८०६ वर, दुसरीनंतर ८०६.६७ वर, तिसरीनंतर बरोबर ८०८ वर येते. आता पहिल्या कॅण्डलच्या आत शिरा. समजा त्या २ लाखांपैकी १ लाख ४० हजार शेअर पहिल्याच मिनिटात सरासरी ८०१.५० ला फिरले आणि उरलेले ६० हजार पुढच्या चार मिनिटांत ८०६.५० ला. म्हणजे त्या कॅण्डलची खरी सरासरी ८०३ झाली, ८०६ नाही. बाकी दोन कॅण्डल तशाच ठेवल्या तर खरा व्हीवॅप ८०६.५० येतो. तुमचा चार्ट ८०८ दाखवतो आहे. तुम्ही ८०८ ला "टेकला" म्हणून घेता आणि भाव खऱ्या सरासरीपासून अजून दीड रुपया वर असतो. रेघेखाली रुपयाभर अंतरावर ठेवलेला स्टॉप ८०७ ला, म्हणजे खऱ्या रेघेच्याही वरच, उडतो. तो मोडला तेव्हा रेघ मोडलीच नव्हती.

१ मिनिटाच्या चार्टवर ही चूक बरीच कमी होते, कारण प्रत्येक डब्यात कमी माल असतो. मग १५ मिनिटांच्या चार्टवर व्हीवॅप का लावू नये हे वेगळं सांगायला नको. कॅण्डल ५ मिनिटांच्या बघा, पण रेघेचा आकडा डेप्थमधून घ्या. १ मिनिटाचा चार्ट शेजारी उघडा ठेवला तरी चालेल.

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांनी १ मिनिटाचा डेटा शीटमध्ये घ्यावा. B मध्ये हाय, C मध्ये लो, D मध्ये क्लोज, E मध्ये व्हॉल्यूम असेल तर:

```
F2:  =(B2+C2+D2)/3
G2:  =SUMPRODUCT(F$2:F2,E$2:E2)/SUM(E$2:E2)
```

दोन्ही खाली ओढा. दिवसाच्या शेवटी G चा आकडा आणि डेप्थमधला सरासरी भाव यांत किती फरक उरतो ते प्रत्येक शेअरचं वेगळं असतं. मोठी गॅप आणि पहिल्या मिनिटात मोठा व्हॉल्यूम, अशा दिवशी तो सर्वांत जास्त सापडतो.

---

पाचमिनिटं | १०:२१

एक भर. प्री-ओपनचा व्हॉल्यूमसुद्धा फरक पाडतो. ९:०० पासून ऑर्डरी जमा होतात, ९:०७ ते ९:०८ च्या मध्ये कधीतरी ते दार बंद होतं आणि सगळे सौदे एकाच भावाला जुळतात. काही चार्ट तो माल ९:१५ च्या कॅण्डलमध्ये धरतात, काही सोडून देतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्री-ओपनमध्ये बराच माल जुळला असेल तर दोन ॲपमधल्या रेघा दिवसभर वेगळ्या राहतात, कारण ही चूक पुढे पुसली जात नाही, फक्त पातळ होत जाते.

---

डीलिंगडेस्क | १०:४८

तेजीवाला यांनी लिहिलेल्यातली एक गोष्ट खरी आहे: मोठ्या खरेदीदाराचं काम दिवसाच्या व्हीवॅपशी तुलना करून मोजलं जातं. ही कल्पना बर्कोविट्झ, लोग आणि नोसर यांच्या न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरच्या सौद्यांच्या खर्चाबद्दलच्या १९८८ च्या निबंधातून रूढ झाली. तिथे प्रश्न ट्रेडिंगचा नव्हता. फंडाच्या वतीने माल घेणाऱ्याने तो चांगल्या भावाला घेतला की वाईट, हे मोजायला एक पट्टी हवी होती. दिवसभरात बाजाराने सरासरी जो भाव दिला त्यापेक्षा तुम्ही स्वस्तात घेतलं का, एवढाच तो प्रश्न.

पण यावरून "त्यांच्या ऑर्डरी रेघेवर लावलेल्या असतात" असं निघत नाही. व्हीवॅप अल्गो काय करतो ते बघा. समजा ६ लाख शेअर घ्यायचे आहेत. त्या शेअरमध्ये दिवसाच्या कोणत्या अर्ध्या तासात साधारण किती टक्के उलाढाल होते याचा तक्ता प्रोग्रामकडे असतो. सकाळी आणि शेवटी जास्त, दुपारी कमी. पहिल्या अर्ध्या तासाचे १५ टक्के धरले तर तो त्या वेळात ९० हजार शेअर बारीक तुकड्यांनी घेईल. भाव रेघेच्या वर असो की खाली, तो घेतच राहील, कारण बाजाराच्या प्रमाणात घेत राहिलं की सरासरी आपोआप बाजाराच्या सरासरीजवळ येते. रेघेवर भाव येण्याची तो वाट बघत नाही. वाट बघितली आणि भाव आलाच नाही तर माल राहून जाईल, आणि ते त्याच्या दृष्टीने जास्त वाईट.

म्हणजे अशा खरेदीदाराचा ठसा रेघेवरच्या उसळीत दिसत नाही. भाव दिवसभर रेघेच्या एका बाजूला राहतो आणि परतावे, म्हणजे रेघेकडे मागे येणारे उतार, उथळ असतात, त्यात तो दिसतो.

---

तेजीवाला | ११:०२

अल्गोचं पटलं. पण रेघेवरून भाव फिरतो हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. ते का?

---

डीलिंगडेस्क | ११:१५

दोन कारणं संभवतात. सगळेच डीलर अल्गोवर सोडत नाहीत. ज्याला हातात थोडी मोकळीक आहे तो रेघेच्या खाली जरा जोरात घेतो, वर जरा हात आखडता घेतो, कारण संध्याकाळी त्याची तुलना त्याच आकड्याशी होणार असते. शिवाय हजारो छोटे ट्रेडर तीच रेघ बघतात. पण न फिरता आरपार गेलेले स्पर्शही मोजा. डोळा फिरलेलेच लक्षात ठेवतो.

---

भावतोल | ११:२८

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. दिवसाची सरासरी म्हणजे आज आत आलेल्या सगळ्यांची मिळून पडलेली किंमत. भाव तिच्या वर असेल तर आजचा सरासरी खरेदीदार फायद्यात आहे आणि आजचा सरासरी मंदीवाला तोट्यात. त्या मंदीवाल्याला रेघेवर जवळपास ना नफा ना तोटा सुटायची संधी मिळते आणि तो तिथे पोझिशन कापतो, म्हणजे खरेदी करतो. हे नुसतं मानसशास्त्र नाही, इंट्राडे पोझिशन त्याला त्याच दिवशी बंद करावीच लागते. मात्र सकाळी विकणारा डिलिव्हरी देऊन मोकळा झाला असेल तर हा तर्क त्याला लागू नाही. किती माल कुठल्या प्रकारचा आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून यावर पैज लावू नये.

---

सावकाश | मंगळवार, सकाळी ७:४०

माझ्याकडे एका बँकेचे शेअर तीन वर्षांपासून आहेत, सरासरी ६४० पडली आहे. भाव आता त्याच्या वर आहे. मग व्हीवॅपप्रमाणे हा वाजवी भाव ६४० धरायचा का? अजून घ्यावेत का?

---

पाचमिनिटं | ७:५८

सावकाश, ती तुमच्या खरेदीची सरासरी आहे. ती तुमच्या डीमॅटपुरती. इथे चाललंय ते त्या एका दिवशी बाजारात झालेल्या सगळ्या सौद्यांच्या सरासरीबद्दल. ती रोज सकाळी शून्यापासून सुरू होते आणि साडेतीनला संपते. तीन वर्षांच्या गुंतवणुकीचा निर्णय तिच्यावरून होणार नाही, त्यासाठी वेगळा धागा काढा.

---

स्ट्रॅडलप्रेमी | ८:२०

माझा मुद्दा निफ्टीबद्दल. स्पॉट चार्टवर व्हीवॅप लागतच नाही, किंवा लागला तर विचित्र दिसतो. आणि मी कॉल-पुट दोन्ही विकतो, त्यांच्या एकत्रित प्रीमियमच्या चार्टवर व्हीवॅप लावतो. प्रीमियम बहुतेक वेळ रेघेखालीच असतो. म्हणजे विक्रीचा सिग्नल दिवसभर चालू असं समजायचं का?

---

भावतोल | ८:५५

स्पॉट निफ्टी हा मोजलेला आकडा आहे, त्याचे सौदेच होत नाहीत, म्हणून त्याला स्वतःचा व्हॉल्यूम नाही. काही चार्ट ५० शेअरांचे व्हॉल्यूम एकत्र करून दाखवतात. त्यात स्वस्त भावाच्या शेअरचे आकडे फुगतात आणि वजन चुकतं. निफ्टीसाठी चालू महिन्याच्या फ्युचरवर व्हीवॅप लावा आणि अंतरही फ्युचरच्या भावानेच मोजा. फ्युचरची रेघ स्पॉटच्या चार्टवर ओढली तर फ्युचर आणि स्पॉटच्या भावांतल्या फरकाने ती खोटी बसते.

स्ट्रॅडलचं म्हणाल तर तुम्हाला दिसतं ते बरोबर आहे, अर्थ मात्र वेगळा आहे. वेळ जाईल तसा प्रीमियम झिजतो, आणि सरासरी सकाळचे महाग भाव धरून बसते. त्यामुळे रेघ वर आणि भाव खाली ही त्या चार्टची नेहमीची अवस्था. ती नवं काही सांगत नाही. प्रीमियम रेघेच्या वर जाऊन टिकला तर मात्र झीज होऊनही भाव वाढला आहे, आणि ती खरी बातमी. म्हणून विकणाऱ्याने ती रेघ बाहेर पडण्यासाठी वापरावी, आत शिरण्यासाठी तिचा उपयोग कमी. आणि ती रेघ त्या एका स्ट्राईकची आहे. निफ्टी १५० पॉइंट सरकल्यावर तुम्ही नवा स्ट्राईक उघडला की ती वेगळी रेघ, वेगळा इतिहास.

---

रेघोटी | ९:०२

भावतोल, पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्याकडे या ना.

---

भावतोल | दुपारी ४:१०

लिहितो, आता निवांत वेळ आहे.

भाव रेघेला टेकतो तेव्हा ती रेघ चालते आहे की आडवी पडली आहे, हा खरा प्रश्न आहे. आडव्या रेघेचा अर्थ असा की नवा माल जुन्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच फिरतो आहे. अशा दिवशी रेघ म्हणजे घोळक्याचा मधला भाग. तिथे ना घेणाऱ्याला फायदा, ना विकणाऱ्याला. भाव तिच्या आरपार ये-जा करणारच, आणि रेघेवर खरेदी करणं म्हणजे सर्वांत गर्दीच्या जागी नाणं उडवणं. त्या दिवशी काही करायचंच असेल तर ते कडांवर, रेघेकडे परत येण्यासाठी.

ओळखायला मी दोन गोष्टी बघतो. पहिला पाऊण तास सोडून ९:५५-१०:०० पासून पुढे ५ मिनिटांच्या किती कॅण्डल रेघेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन बंद झाल्या ते मोजतो. १०:४५ पर्यंत तीन किंवा जास्त असतील तर त्या दिवशी रेघेवर खरेदी नाही. आणि याच वेळात रेघ किती सरकली ते बघतो. ८०० च्या शेअरमध्ये ती रुपयाभरसुद्धा हलली नसेल तर तीही आडवीच. हे आकडे माझ्या वापरातले आहेत, शेअर किती हलणारा आहे त्याप्रमाणे बदला.

आता चालत्या रेघेवरचा एक ट्रेड पूर्ण बघू. तोच शेअर. १०:४० ला डेप्थमधली सरासरी ८१२.४०, दिवसाचा हाय ८२१, ९:५५ पासून एकही कॅण्डल रेघेखाली बंद नाही. तिथून भाव उतरतो. उतरणाऱ्या कॅण्डलचा व्हॉल्यूम चढणाऱ्यांपेक्षा कमी आहे का ते बघायचं. मोठ्या व्हॉल्यूमने उतरत असेल तर पुढचं वाचूच नका, कारण मग कोणीतरी खरोखर विकतो आहे. इथे व्हॉल्यूम आटतो, १०:५५ ला भाव ८११.२० पर्यंत येतो, म्हणजे रेघेच्या रुपयाभर खाली. अजून खरेदी नाही. पुढची कॅण्डल आधीच्या कॅण्डलच्या हायच्या वर बंद झाली की ८१४.६० ला घ्यायचं. स्टॉप ८११.२० च्या तळाखाली, ८१०.९०.

रेघोटी, तुमच्या पद्धतीत आणि यात फरक इथे आहे. तुमचा स्टॉप रेघेला बांधलेला आहे, आणि रेघ ही कोणी राखलेली भिंत नाही, ती सरासरी आहे. भाव तिच्या खाली रुपयाभर जाणं हे नेहमीचं. स्टॉप तिथे हवा जिथे खरेदीदार नुकताच दिसला, म्हणजे परताव्याच्या तळाखाली. भाव दोन रुपये महाग मिळतो, पण खरेदीदार दिसल्यावर मिळतो. तेजीवाला यांचा अर्धा टक्का, म्हणजे इथे चार रुपये, अंतर म्हणून जवळपास तेवढाच आहे. पण तो चार्टवरच्या कुठल्या गोष्टीला बांधलेला नाही. एखाद्या शेअरचा परतावा दीड रुपयाचा असतो, एखाद्याचा सहाचा.

धोका शेअरमागे ३.७०. पाच लाखांच्या भांडवलावर एका ट्रेडला १५०० रुपये घालवायची तयारी असेल तर ४०५ शेअर येतात, ४०० घ्या.

---

अनुजाके | ४:४५

यात खर्च धरा, नाहीतर आकडे छान दिसतात. ४०० शेअर ८१४.६० ला म्हणजे सुमारे ३ लाख २६ हजार. विक्रीवर एसटीटी ०.०२५ टक्के, साधारण ८१ रुपये. ऑर्डरमागे २० रुपये घेणारा ब्रोकर असेल तर दोन्ही बाजूंचे ४०. एक्स्चेंजचा आकार, स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी मिळून आणखी ४० च्या आसपास. एकूण १६० रुपये, शेअरमागे ४० पैसे.

लक्ष्य दिवसाचा हाय ८२१ धरलं तर हातात ६.४० वजा ०.४० म्हणजे ६ रुपये. तोटा झाला तर ३.७० अधिक खर्च ०.४०, अधिक स्टॉप घसरून भरला जातो त्याचे ३० पैसे धरा, म्हणजे ४.४०. दहा ट्रेडमधले चारपेक्षा थोडे जास्त जमले तरच बरोबरी होते. रेघ आडवी असलेल्या दिवशी दिवसाला चार ट्रेड घेतले तर खर्चाचे ६४० रुपये नक्की, बाकी काहीही होवो.

---

पाचमिनिटं | ५:१०

कडांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आडव्या दिवशी व्हीवॅपच्या दोन स्टॅण्डर्ड डेव्हिएशनच्या पट्ट्यावर शॉर्ट करतात. ९५ टक्के वेळा भाव आतच राहतो असं वाचलं आहे. पण सकाळी तर तो पट्टा सारखा फुटतो.

---

भावतोल | ५:४०

ते ९५ टक्के घंटेच्या आकाराच्या वितरणाचे. शेअरचे भाव तसे वाटलेले नसतात, आणि चालत्या दिवशी तर भाव पट्ट्याला धरून तासभर चढतो. तो आकडा विसरा.

सकाळी का फुटतो ते वरच्याच तीन कॅण्डलवर काढून बघा. रेघ ८०८. पहिल्या कॅण्डलची सरासरी २ रुपये खाली, वजन २. दुसरी रेघेवरच. तिसरी ४ रुपये वर, वजन १. वर्ग करून वजनाने सरासरी काढली तर २४ भागिले ४ म्हणजे ६, त्याचं वर्गमूळ सुमारे २.४५. दोन पट घेतली तरी वरचा पट्टा ८१२.९० ला येतो, आणि भाव तर ८१४ ला बंद झाला आहे. खालचा ८०३.१०, आणि लो होता ८००. कारण तेच, कॅण्डलच्या आतला पसारा हिशोबात येतच नाही, कॅण्डल म्हणजे एक ठिपका. शिवाय ठिपके तीनच. तासभर गेल्याशिवाय पट्ट्यावर काही करू नका.

---

डीलिंगडेस्क | ६:२०

रेघ खोटी पडण्याचा आणखी एक प्रकार, आणि तो ओळखणं सोपं आहे. समजा ११ वाजेपर्यंत २० लाख शेअर ८१२ च्या सरासरीला फिरले. मग कोणा मोठ्या धारकाने ठरवून १० लाख शेअर एका झटक्यात ८०० ला दिले आणि भाव लगेच पुन्हा ८११ ला आला. रेघ एका मिनिटात ८१२ वरून ८०८ ला पडते. बाकी कोणालाही ८०८ ला काही मिळालेलं नसतं. चार्टवर व्हॉल्यूमचा एकच उंच खांब आणि रेघेत पायरी दिसते. एरवी रेघ पायऱ्यांनी चालत नाही. असं दिसलं की त्या दिवशी त्या शेअरची रेघ बाजूला ठेवा, किंवा त्या खांबाच्या पुढच्या कॅण्डलपासून नवी अँकर्ड रेघ सुरू करा. घटनेनंतर आलेल्यांची सरासरी तरी खरी मिळेल.

---

रेघोटी | ६:४२

दुपारी दीडनंतर रेघ जवळजवळ हलतच नाही. मग तेव्हा रोजचाच दिवस आडवा समजायचा?

---

डीलिंगडेस्क | ७:१५

नाही, ते वजन आहे. एक वाजेपर्यंत ४० लाख शेअर ८१२ ला फिरले असतील आणि पुढच्या तासात भाव ८२२ ला राहून ५ लाख फिरले, तर रेघ ८१३.११ ला येते. दहा रुपयांच्या अंतराला रेघेने एक रुपया अकरा पैसे प्रतिसाद दिला. दुपारी उतार बघून निर्णय घेऊ नका, तो मेलेलाच असतो. क्रॉसिंग मात्र मोजता येतात.

दुपारी संपूर्ण दिवसाच्या रेघेपेक्षा तेवढ्या वेळाची सरासरी जास्त उपयोगी. एक्स्चेंजचं उदाहरण घ्या: दुपारी २:०५ ते २:२० या ब्लॉक डीलच्या खिडकीसाठी जो आधारभाव धरतात तो १:४५ ते २:०० या पंधरा मिनिटांतल्या सौद्यांचा व्हीवॅप असतो. सकाळचा माल त्यात नाही, कारण दोनच्या सुमाराचा वाजवी भाव सकाळच्या मालाने ठरत नाही.

---

तेजीवाला | ७:५०

रेघेला टेकून फिरलेले आणि आरपार गेलेले, दोन्ही मोजायचं मनावर घेतलं आहे. पण "फिरला" कधी म्हणायचं? रेघेपासून किती वर गेला की मोजायचा? आणि रेघ डेप्थमधली घ्यायची तर मागच्या दिवसांचा तो आकडा मिनिटामिनिटाला मिळत नाही.

---

भावतोल | ८:२०

मागच्या दिवसांसाठी १ मिनिटाच्या डेटाची वरचीच शीट वापरा, पहिला पाऊण तास गाळा. "टेकला" म्हणजे रेघेपासून ०.१ टक्क्याच्या आत आला. मग त्यानंतर ०.४ टक्के वर आधी पोचला की ०.४ टक्के खाली, तेवढंच नोंदवा. चालते दिवस आणि आडवे दिवस वेगळ्या पानांवर ठेवा. आणि तुलनेसाठी रेघेऐवजी कुठलाही तिसराच भाव, समजा आदल्या तासाचा मध्य, घेऊन तीच मोजणी करा. त्या मध्यावरही भाव तेवढ्याच वेळा फिरत असेल तर तेजीवाला यांचा मुद्दा पडतो आणि माझा मंदीवाल्यांचा तर्कही.

---

तेजीवाला | ८:३१

तीन महिन्यांचा एकाच शेअरचा डेटा आधी घेतो. बँकेचा घेऊ की निकालाच्या हंगामात कमी हलणारा?

---

अनुजाके | ८:४४

दोन्ही घ्या. आणि निकालाचे दिवस वेगळे काढून ठेवा, त्या दिवशी पाचमिनिटं यांनी लिहिलेला प्री-ओपनचा घोळ असतो.